केस स्टडीचा निकाल काम सुरू होतानाच ठरतो

वेब एजन्स्यांच्या पोर्टफोलिओत पूर्ण झालेल्या कामाची केस स्टडी बहुतेक वेळा तीन भागांत लिहिलेली असते: समस्या, प्रक्रिया आणि निकाल. हा साचा चांगला आहे आणि तो बदलण्याची गरज नाही. अडचण अशी की या तीन भागांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. पहिल्या भागात लिहिलेले असते की क्लायंटची वेबसाइट जुनाट दिसत होती. दुसऱ्या भागात संशोधन, आराखडा, डिझाइन, कोडिंग आणि चाचणी असे टप्पे येतात, आणि हेच टप्पे त्याच एजन्सीच्या इतर दहा कामांतही जसेच्या तसे सापडतात. तिसऱ्या भागात मोठ्या अक्षरांत विक्री 40 टक्क्यांनी वाढल्याचे सांगितलेले असते. समस्या दिसण्याची, प्रक्रिया सर्वांना लागू पडणारी आणि निकाल विक्रीचा. जुनाट दिसणे आणि कमी विक्री यांत नाते होते का, असल्यास ते कशावरून कळले, कोणत्या बदलाने काय घडले, हे वाचकाला कुठेच कळत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की केस स्टडीचे वजन तिच्या शेवटच्या आकड्यावर ठरत नाही. समस्या ज्या मापात सांगितली त्याच मापात निकाल आला आहे का, आणि मधल्या प्रक्रियेत त्या दोन टोकांना जोडणारे निर्णय दिसतात का, यावर ते ठरते. म्हणूनच केस स्टडीची खरी तयारी वेबसाइट सुरू झाल्यावर होत नाही. जुनी वेबसाइट अजून चालू असते तेव्हाच ती करावी लागते.

पोर्टफोलिओ कोण वाचतो हे आधी पाहिले म्हणजे या म्हणण्याचे कारण कळते. हा वाचक नवे काम देण्याच्या विचारात असलेला उद्योजक, संस्थाचालक किंवा मोठ्या कंपनीतला विपणन अधिकारी असतो. त्याच्यासमोर तीन-चार एजन्स्यांचे प्रस्ताव असतात आणि डिझाइनचा दर्जा त्याला स्क्रीनशॉटवरूनही दिसतो. स्क्रीनशॉट ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही तो त्याच्या मनात असतो: त्या क्लायंटचे जे झाले ते माझे होईल का? या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर काय घडले एवढे सांगून भागत नाही, ते का घडले हेही सांगावे लागते. विक्री वाढण्यामागे नवी वेबसाइट होती, की त्याच महिन्यात दुप्पट केलेला जाहिरातखर्च, हे त्याला कळले नाही तर तो आकडा त्याच्या उपयोगाचा नाही. उलट कारण नीट मांडलेले असेल तर आकडा लहान असूनही उपयोगी पडतो, कारण आपल्याकडे तेच कारण आहे का हे तो तपासू शकतो.

समस्या मापात मांडणे

हे एका उदाहरणावर तपासून पाहू. पुढचे आकडे हिशोब दाखवण्यासाठी घेतलेले आहेत, परिस्थिती मात्र कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराला ओळखीची वाटेल. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातले एक बागायतदार कुटुंब स्वतःच्या वेबसाइटवरून हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना विकते. मार्च ते मे हा हंगाम, उरलेले वर्ष जवळपास शांत. ते एजन्सीकडे येतात आणि म्हणतात, ‘वेबसाइट नवीन करून द्या, ऑर्डर येत नाहीत.’ बहुतेक केस स्टडींमध्ये हेच वाक्य थोडे सजवून समस्या म्हणून छापले जाते. पण ही तक्रार झाली. समस्या अजून शोधायची आहे.

तक्रारीतून समस्या काढायची तर गेल्या हंगामाची नोंद उघडावी लागते. आपल्या उदाहरणात गेल्या वर्षी एप्रिल आणि मे मिळून वेबसाइटला 9,000 भेटी झाल्या आणि 99 ऑर्डर आल्या, म्हणजे हजार भेटींमागे 11. हाच आकडा फोन आणि संगणक असा वेगळा केला की चित्र बदलते. फोनवरून 7,500 भेटी आणि 60 ऑर्डर, म्हणजे हजारामागे 8. संगणकावरून 1,500 भेटी आणि 39 ऑर्डर, म्हणजे हजारामागे 26. माल तोच, भाव तोच, वेबसाइटही तीच. फोनवर खरेदी नेहमीच थोडी कमी होते, तरी तिपटीहून मोठी तफावत पाहिल्यावर ग्राहक नेमके कुठे गळतात हे शोधायलाच हवे. खरेदीच्या एकेका पायरीवर किती जण पुढे गेले हे पाहिले की जागा सापडते. पेटी निवडणारे अनेक आहेत, पण पत्त्याच्या पायरीवर बहुतेक जण थांबतात. त्या पायरीवर आधी खाते उघडा म्हणून सांगितले जाते, मग सगळा पत्ता भरून घेतला जातो, आणि सर्वांत शेवटी पिनकोड पाहून आपल्या भागात पेटी पोहोचणार आहे की नाही हे कळते. छोट्या पडद्यावर एवढे भरायला लागणारा त्रास संगणकाच्या मानाने बराच जास्त आहे.

आता समस्या लिहिता येते: फोनवरून येणारा ग्राहक पेटी निवडतो, पण डिलिव्हरी मिळेल की नाही हे कळण्याआधीच त्याला खाते आणि पत्ता भरावा लागतो, म्हणून फोनवर हजार भेटींमागे जेमतेम 8 ऑर्डर येतात. या वाक्यात ग्राहक कोण, तो कुठे अडतो, का अडतो आणि किती अडतो या चारही गोष्टी आल्या. निकाल कोणत्या मापात द्यायचा हेही त्यातच ठरून गेले. पुढे कोणी एकूण विक्रीचा आकडा पुढे केला तरी वाचक फोनवरच्या ऑर्डरींचे प्रमाण विचारणार, आणि ते बरोबरच आहे. समस्या इतकी नेमकी लिहिल्यावर एजन्सीला सोयीचा आकडा नंतर निवडता येत नाही. म्हणूनच अशी समस्या वाचताना विश्वास बसतो.

प्रक्रिया म्हणजे निर्णयांची हकीकत

प्रक्रियेच्या भागात सर्वांत जास्त शब्द वाया जातात. एजन्सीने बैठका घेतल्या, आराखडे काढले, चाचणी केली, हे वाचकाने गृहीतच धरलेले असते. त्याला हवे असतात निर्णय, आणि निर्णय त्याच ठिकाणी असतो जिथे दुसरा पर्याय शक्य होता. हापूसच्या उदाहरणात तीन निर्णय सांगण्याजोगे आहेत. पहिला, पिनकोड विचारण्याची जागा पेटीच्या पानावरच, खरेदीचे बटण दाबण्याआधी आणली. दुसरा, खाते उघडण्याची सक्ती काढून मोबाइल नंबर आणि पत्ता एवढ्यावर ऑर्डर घेतली. तिसरा, बागायतदारांना मोबाइल ॲप हवे होते, ते न करण्याचा सल्ला दिला, कारण वर्षातून दोन-तीनदा आंबे मागवणारा ग्राहक त्यासाठी ॲप उतरवून घेणार नाही आणि तो खर्च पत्त्याच्या पायरीला हातही लावणार नाही. नाकारलेल्या पर्यायांचे कारण दिले की वाचकाला एजन्सीची विचारपद्धत कळते. ती त्याला ‘संशोधन’ आणि ‘डिझाइन’ या शीर्षकांतून कधीच कळली नसती.

प्रत्येक निर्णयामागे पुरावा आणि किंमत, दोन्ही यायला हवीत. पिनकोड आधी विचारायचा हे ठरले ते पायरीनिहाय गळतीच्या आकड्यांवरून, आणि पाच-सहा ग्राहकांना फोनवर खरेदी करायला सांगून ते कुठे थांबतात हे पाहिल्यावर. किंमत अशी की आता डिलिव्हरी नसलेल्या गावांतले लोक पहिल्याच पानावरून परत जाणार. खाते नसल्यामुळे पुढच्या हंगामात जुन्या ग्राहकाला त्याच्या आधीच्या ऑर्डरी दाखवणेही अवघड होणार. ही किंमत लिहिली म्हणून एजन्सीची बाजू कमकुवत होत नाही. आपल्याकडे अशीच अडचण आली तर हे लोक कोणत्या गोष्टींचा विचार करतील याचा अंदाज वाचकाला त्यातूनच येतो. याच भागात कोणी काय केले हेही स्पष्ट असावे. फोटो क्लायंटच्या माणसाने काढले असतील, जाहिराती दुसऱ्या एजन्सीने चालवल्या असतील, तर तसे लिहावे. वाचक पुढे जाऊन क्लायंटला फोन करतो तेव्हा या गोष्टी आपोआप बाहेर येतात.

प्रक्रियेतून समस्येकडे आणि निकालाकडे दोन्ही बाजूंनी दुवा जायला हवा, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जॅरेड स्पूल या अमेरिकी तज्ज्ञाने 2009 मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकीकत लिहिली. त्या दुकानात पैसे भरण्याआधी नोंदणी किंवा लॉगिन सक्तीचे होते. ग्राहकांना प्रत्यक्ष खरेदी करताना पाहिल्यावर दिसले की नवखे ग्राहक नोंदणीला वैतागतात आणि जुन्यांना पासवर्ड आठवत नाही. नोंदणीच्या बटणाजागी पुढे जाण्याचे बटण आले, खाते आवश्यक नाही एवढी सूचना आली, आणि खरेदी पूर्ण करणाऱ्या ग्राहकांची संख्या 45 टक्क्यांनी वाढली. पहिल्या वर्षात विक्री 30 कोटी डॉलरने वाढल्याचे स्पूल यांनी सांगितले आणि त्या आकड्यामुळेच ती हकीकत गाजली. पण ती अजून उपयोगी पडते ती मधल्या भागामुळे. ग्राहक का अडतो आणि बदलाने तो का सुटला हे इतके स्पष्ट आहे की दुसऱ्या दुकानाचा मालक आपली खरेदीची पायरी उघडून तीच तपासणी करू शकतो.

निकाल: किती, कधीपासून आणि कशामुळे

निकालाच्या भागात विश्वास टिकतो किंवा तुटतो. वेबसाइटच्या वेगावर प्रसिद्ध झालेल्या दोन केस स्टडी शेजारी ठेवून पाहिल्या की कशामुळे टिकतो हे दिसते. गूगलच्या web.dev या संकेतस्थळावर 2021 मध्ये इटलीतल्या व्होडाफोनचे काम प्रसिद्ध झाले. तिथे एकाच पानाच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालवल्या गेल्या. दिसायला आणि वापरायला दोन्ही सारख्या होत्या, फक्त एक वेगवान केलेली होती. येणारे लोक दोन्हींत वाटले गेले. पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, 31 टक्क्यांनी सुधारला आणि विक्री 8 टक्क्यांनी वाढली. 8 हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण दोन्ही गटांना हंगाम, भाव, जाहिरात आणि बातम्या सारख्याच लागू होत्या, त्यामुळे फरकाचे श्रेय वेगाला देता येते. पोर्टफोलिओंमध्ये ओळीने दिसणाऱ्या शेकडा वाढींपेक्षा या 8 टक्क्यांना जास्त वजन आहे.

त्याच वर्षी तिथेच इकॉनॉमिक टाइम्सचे काम आले. एलसीपी 4.5 सेकंदांवरून 2.5 सेकंदांवर, पान हलण्याचे माप म्हणजे सीएलएस 0.25 वरून 0.09 वर, आणि पान उघडून लगेच परत जाणाऱ्यांच्या प्रमाणात 43 टक्के घट, असा निकाल त्यांनी दिला. तांत्रिक काम मोठे होते आणि ते नीट समजावून सांगितलेले आहे. तरी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली टक्केवारीची. एलसीपीतली सुधारणा तिथे 80 टक्के आणि सीएलएसमधली 250 टक्के म्हणून दिली आहे. पण 4.5 चे 2.5 झाले म्हणजे वेळ 44 टक्क्यांनी कमी झाला, आणि 0.25 चे 0.09 झाले म्हणजे घट 64 टक्के. कमी होणारी गोष्ट 100 टक्क्यांहून जास्त कमी होऊ शकत नाही, म्हणून 250 हा आकडा वाचताना वाचक थबकतो. त्यांनी मूळ आकडे शेजारीच दिले म्हणून खरी सुधारणा किती ते कोणालाही काढता येते, आणि ती उत्तमच आहे. यातून नियम मिळतो की टक्केवारी एकटी कधीच देऊ नये. आधी किती आणि नंतर किती हे दिले की टक्केवारी वाचक स्वतः काढतो. दुसरी गोष्ट तुलनेची. 43 टक्क्यांची घट ही आधी आणि नंतर यांची तुलना आहे. सुधारणा 2020 च्या ऑक्टोबरपासून 2021 च्या जुलैपर्यंत चालली. अशा काळात बातम्या बदलतात, वाचक कुठून येतात तेही बदलते. त्यामुळे घट झाली हे म्हणता येते, पण तिच्यातली किती वेगामुळे झाली हे व्होडाफोनसारखे वेगळे काढता येत नाही.

लहान एजन्सीला एकाच वेळी दोन आवृत्त्या चालवणे क्वचितच परवडते. भेटी कमी असतात आणि क्लायंटला नवी वेबसाइट लगेच सगळ्यांसाठी हवी असते. मग श्रेय ठरवायचे कसे? हापूसच्या उदाहरणाकडे परत जाऊ. नवी वेबसाइट जानेवारीत सुरू झाली असे धरा. एजन्सीने जानेवारीची एप्रिलशी तुलना केली तर ऑर्डरी कित्येक पटींनी वाढलेल्या दिसतील, पण ती करामत झाडांची आहे. तुलना गेल्या हंगामातल्या त्याच आठवड्यांशीच करावी लागेल. समजा, या वर्षी एप्रिल-मेमध्ये 9,600 भेटी आणि 144 ऑर्डर झाल्या. ऑर्डरी 99 वरून 144, म्हणजे 45 टक्के वाढ. पण भेटीही वाढल्या आहेत, म्हणून प्रमाण पाहिले तर हजारामागे 11 वरून 15, म्हणजे 36 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. एजन्सीच्या कामाला मात्र दुसरा जास्त जवळचा आहे, कारण भेटी आणण्याचे काम जाहिरातींचे होते.

आता फोन आणि संगणक पुन्हा वेगळे करू. फोनवर 8,100 भेटी आणि 105 ऑर्डर, म्हणजे हजारामागे 8 वरून 13. संगणकावर 1,500 भेटी आणि 39 ऑर्डर, म्हणजे गेल्या वर्षीइतकेच, 26. इथे केस स्टडीला खरा आधार मिळतो. पीक चांगले आले, भाव उतरले किंवा कोणी नामवंताने हापूसचे कौतुक केले, तर त्याचा परिणाम दोन्हींवर दिसायला हवा होता. सुधारणा जिथे अडचण होती तिथेच दिसली आणि दुसरीकडे दिसली नाही. पायरीनिहाय नोंदीतही पत्त्याच्या पायरीवरची गळतीच कमी झालेली दिसली, तर समस्येपासून निकालापर्यंतची साखळी पूर्ण होते. मर्यादाही सोबत लिहाव्यात. 60 आणि 105 या लहान संख्या आहेत. नेहमीच्या संख्याशास्त्रीय हिशोबाने हजारामागे 5 ची ही वाढ प्रत्यक्षात 2 ते 8 यांमध्ये कुठेही असू शकते. संगणकावरच्या 39 ऑर्डरी तर इतक्या थोड्या आहेत की तिथे मध्यम आकाराचा बदल झाला असता तरी तो योगायोगात लपला असता. म्हणून निकालाचे वाक्य असे व्हावे: ‘फोनवरच्या ऑर्डरींचे प्रमाण हजार भेटींमागे 8 वरून 13 झाले, तुलना गेल्या हंगामातल्या एप्रिल-मेशी, याच काळात संगणकावरचे प्रमाण बदलले नाही, संख्या लहान असल्याने पुढच्या हंगामात हे पुन्हा तपासावे लागेल.’

मोजमापातले खड्डे

आकडे प्रामाणिकपणे घेऊनही तुलना चुकू शकते, कारण मोजण्याचे साधनच मध्ये बदललेले असते. गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती 1 जुलै 2023 रोजी सामान्य वापरासाठी बंद झाली आणि तिची जागा जीए4 ने घेतली. ‘बाउन्स रेट’ हे नाव दोन्हींत आहे, अर्थ मात्र वेगळा. जुन्या आवृत्तीत एकच पान पाहून, दुसरे काहीही न करता परत गेलेली भेट बाउन्स धरली जाई, मग वाचक त्या पानावर पाच मिनिटे थांबला असला तरी. जीए4 मध्ये 10 सेकंदांहून जास्त टिकलेली भेट बाउन्स धरली जात नाही. तेव्हा जुन्या वेबसाइटचा जुना आकडा आणि नव्या वेबसाइटचा नवा आकडा शेजारी ठेवला तर एक ओळही न बदलता मोठी सुधारणा दिसेल. ही ओळखण्याची खूण सोपी आहे: आकडा एकाच दिवशी उडी मारतो आणि ती उडी वेबसाइटच्या प्रत्येक भागात सारखीच दिसते. नवी वेबसाइट आणि नवे मोजमाप एकाच दिवशी सुरू झाले असेल, तर तो आकडा केस स्टडीतून काढून टाकणेच योग्य.

वेगाच्या आकड्यांतही असाच फरक आहे. लाइटहाउसचा गुण ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे. एकाच पानाचा गुण दोन वेळा वेगळा येऊ शकतो. खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे क्रोम ब्राउझरमधून गोळा होतात आणि पेजस्पीड इनसाइट्सवर दिसतात. ते मागच्या 28 दिवसांचे असतात आणि प्रत्येक मापात असे मूल्य धरले जाते की 75 टक्के भेटी त्याहून बऱ्या असाव्यात. वेबसाइट सुरू होऊन दहा दिवस झाले असताना घेतलेल्या आकड्यात निम्म्याहून जास्त दिवस जुन्या वेबसाइटचे असतात. म्हणून किमान चार आठवडे थांबून मगच तो नोंदवावा. भेटी फार कमी असतील तर हा आकडा मुळीच मिळत नाही आणि लहान क्लायंटच्या बाबतीत असे वारंवार होते.

काम सुरू होण्याआधी मोजायचे राहून गेले असेल तर सगळेच हातचे गेले असे नाही. सर्च कन्सोल 16 महिने मागचे आकडे ठेवतो, त्यामुळे गेल्या हंगामात शोधातून किती लोक आले हे सांगता येते. पुरेशा भेटी असलेल्या वेबसाइटच्या वेगाचा इतिहास क्रोमच्या सार्वजनिक नोंदीत सापडतो. जुने पान कसे दिसत होते हे बऱ्याचदा वेबॅक मशीनवर मिळते. क्लायंटच्या हिशोबाच्या वहीत ऑर्डरी तर असतातच. पत्त्याच्या पायरीवर किती जण गळले हे मात्र त्या वेळी नोंदलेच नसेल तर नंतर कुठूनच मिळत नाही. म्हणून करारातच दोन ओळी असाव्यात: जुनी वेबसाइट चालू असताना ठरलेले आकडे घेतले जातील, आणि सुरुवातीनंतर ठरलेल्या मुदतीपर्यंत एजन्सीला ते पाहण्याची परवानगी राहील. काम संपल्यावर परवानगी मागणे अवघड जाते, कारण तोवर क्लायंटचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

आक्षेप आणि उत्तरे

या म्हणण्यावर पहिला आक्षेप गोपनीयतेचा असतो. क्लायंट विक्रीचे आकडे छापू देत नाही, काही वेळा नावही छापू देत नाही. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर वाट आहे. हजार भेटींमागे 8 चे 13 झाले, हे सांगताना एकूण भेटी किंवा उलाढाल उघड होत नाही. स्पूल यांनी त्या दुकानाचे नाव सांगितले नाही, तरी हकीकत टिकली, कारण अडचण आणि तिचे कारण पूर्ण सांगितले होते. नाव असून कारण नसलेल्या केस स्टडीपेक्षा नाव नसून कारण असलेली केस स्टडी जास्त उपयोगी आहे. गोपनीयतेची खरी काळजी भलतीकडेच घ्यावी लागते: ऑर्डरींच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकताना ग्राहकांची नावे, नंबर आणि पत्ते तसेच राहून जातात. ते पुसणे ही एजन्सीची जबाबदारी आहे, क्लायंटने परवानगी दिली असली तरीही.

दुसरा आक्षेप म्हणजे केस स्टडी ही अखेर जाहिरात आहे, तिच्याकडून शोधनिबंधाची शिस्त मागणे जास्तीचे आहे. ती जाहिरात आहे हे मान्य. पण जाहिरातीतला दावा सत्य आणि सिद्ध करता येण्याजोगा असावा ही अपेक्षा जाहिरात व्यवसायानेच स्वतःवर घालून घेतली आहे. मुंबईत 1985 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेचा तो पाया आहे. शिवाय ही शिस्त वाचकावर ओझे टाकत नाही. वर दिलेले निकालाचे वाक्य चार ओळींचे आहे. हिशोब एजन्सीने करायचा आणि वाचकाला त्याचे फळ द्यायचे. घाईतल्या वाचकासाठी पहिल्या परिच्छेदातच समस्या, मुख्य निर्णय आणि निकाल तीन वाक्यांत द्यावेत. खोलात जाऊ इच्छिणाऱ्याला पुढे सगळे मिळेल.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. शेजारची एजन्सी 300 टक्के वाढ छापते. आपण हजारामागे 8 चे 13 लिहून आणि वर मर्यादा सांगून काम गमावणार नाही का? काही कामे जातीलही, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त आकड्याचा आकार पाहून काम देणारा क्लायंट त्या एजन्सीकडे जाईल. पण तोच क्लायंट सहा महिन्यांनी आपल्या 300 टक्क्यांचे काय झाले म्हणून विचारायला येतो, आणि त्या वेळी त्याच्या हातात एजन्सीचेच छापील पान असते. आपल्या मर्यादा सांगणारी एजन्सी असा क्लायंट मिळवते ज्याच्या अपेक्षा कामाशी जुळतात. मोठ्या संस्थांत तर प्रस्ताव तपासणारा माणूस बहुधा आकड्यांशी परिचित असतो. तुलना कोणत्या काळाशी केली, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर ज्या पानावर आधीच आहे ते पान त्याच्या यादीत वर जाते.

शेवटचा आक्षेप असा की कित्येक कामांत मोजण्यासारखा निकालच नसतो. ग्रंथालयाची, शाळेची, नाट्यसंस्थेची वेबसाइट विक्री करत नाही. पण मोजणे म्हणजे विक्रीच नव्हे. ग्रंथालयाच्या समस्येत पुस्तक आहे की नाही हे विचारायला येणारे फोन असतील तर निकालात ते फोन किती कमी झाले हे येईल. शाळेच्या प्रवेशअर्जात चुका होत असतील तर परत पाठवावे लागलेले अर्ज मोजता येतील. आणि खरेच काही मोजले गेले नसेल तर निकालाच्या जागी काय बांधले, ते कसे चालते आणि क्लायंटचा कर्मचारी ते आता स्वतः कसे सांभाळतो, एवढेच लिहावे. असे पान खोट्या टक्केवारीच्या पानाहून चांगले असते, कारण वाचकाची त्यातून कुठेही दिशाभूल होत नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की समस्या, प्रक्रिया आणि निकाल हा साचा वापरणाऱ्या एजन्स्यांनी लिहिण्याचा क्रम तोच ठेवावा, पण काम करण्याचा क्रम बदलावा. निकालाचे माप काम हाती घेताच ठरवावे, जुनी वेबसाइट बंद होण्याआधी ते घ्यावे, निर्णय होताच कारणासह टिपून ठेवावेत, आणि ठरलेली मुदत संपल्यावर तेच माप पुन्हा घेऊन जे आले ते छापावे. काम देणाऱ्या वाचकांनीही एजन्सीला प्रत्येक आकड्यासाठी तीन प्रश्न विचारावेत: आधी किती होते, तुलना कोणत्या काळाशी आहे, आणि त्याच काळात दुसरे काय बदलले? या तिन्हींची उत्तरे जिच्याकडे तयार आहेत, त्या एजन्सीच्या केस स्टडीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.